दर वाढले तर फायदा कुणाचा?

*आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. नव्या फर्नेससाठी पाच कोटींचं टर्म लोन घेतलंय: पाच वर्षं मुदत, दरवर्षी एक कोटी फेड, व्याज रेपो अधिक तीन टक्के, म्हणजे आज सव्वाआठ. परवा बँकेच्या ट्रेझरीतून एक साहेब आले आणि 'इंटरेस्ट रेट स्वॅप' घ्या म्हणाले. आम्ही त्यांना 6.10 टक्के स्थिर द्यायचे, ते आम्हाला मायबोरचा बदलता दर देणार. 'दर वाढले की फायदा तुमचा,' असं ते म्हणाले. कागदावर एवढंच लिहिलंय: 5 कोटी, 5 वर्षं, 6.10. बाबा म्हणतात हा सट्टा आहे. पैसे नक्की कुठून कुठे जातात? दर वाढले तर बँक तोट्यात जाईल, मग ती हे का विकतेय? सही करू का?*
*— एक वाचक, कोल्हापूर*

सही अजून करू नका. तुमच्या बाबांचं म्हणणं आणि त्या साहेबांचं म्हणणं, दोन्ही अर्धं-अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं त्या कागदावर जे लिहिलेलं नाही त्यात आहे.

आधी पैशाचा प्रवास पाहू. स्वॅपमध्ये पाच कोटी कुठेच जात नाहीत. ते फक्त आकडेमोडीसाठी मनात धरलेले असतात, बाजारात त्याला नोशनल म्हणतात. तुमचं कर्ज जिथे आहे तिथेच राहतं, त्याचं व्याज तुम्ही नेहमीसारखं भरता. स्वॅप हा त्याच्या शेजारी उभा केलेला वेगळा करार आहे. बँक तीच असली तरी दोन्हींचा कागदोपत्री एकमेकांशी संबंध नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दर सहा महिन्यांनी दोन आकडे काढले जातात. एक तुमचा: पाच कोटींवर 6.10 टक्क्यांनी, प्रत्यक्ष दिवस मोजून, 365 ने भागून. सहामाही 182 दिवसांची असेल तर 15,20,822 रुपये. हा आकडा आज, सही करतानाच ठाऊक असतो. दुसरा बँकेचा. मायबोर म्हणजे बँका एकमेकींना एका रात्रीपुरते पैसे उसने देतात त्याचा दर. एफबीआयएल ही संस्था तो कामकाजाच्या प्रत्येक दिवशी जाहीर करते. त्या सहा महिन्यांतले सगळे दर चक्रवाढीने जोडत जायचे, शुक्रवारचा दर शनिवार-रविवारलाही लावायचा. त्यामुळे हा दुसरा आकडा सहामाही संपतानाच कळतो. समजा तो वार्षिक 5.30 टक्के निघाला. मग बँकेचं देणं 13,21,370 रुपये.

आता तुम्ही पंधरा लाख पाठवा आणि बँक तेरा लाख पाठवेल, असं कुणी करत नाही. वाण्याच्या वहीत जसं देणं-घेणं वळतं करतात तसं इथेही वळतं होतं आणि फक्त फरक सरकतो. तुमच्या खात्यातून 1,99,452 रुपये जातील, बस. पुढच्या एखाद्या सहामाहीत मायबोरची गोळाबेरीज 7.10 निघाली आणि नोशनल तेवढंच असलं, तर उलट दिशेने 2,49,315 रुपये तुमच्या खात्यात येतील.

हे कर्जाशेजारी ठेवून बघा. पहिल्या सहामाहीत कर्जाचं व्याज सव्वाआठ, त्यात स्वॅपवर दिलेले 0.80 मिळवले की 9.05. दुसऱ्या प्रसंगी, रेपो समजा सात झालेला, कर्ज दहा टक्क्यांनी पडतंय, त्यातून स्वॅपवर मिळालेला एक टक्का वजा केला की नऊ. म्हणजे तुम्ही नऊच्या आसपास खिळा ठोकलात. तुम्हाला मिळालेले अडीच लाख हा नफा नव्हे, ते कर्जावर जास्त गेलेल्या व्याजाची भरपाई आहे. बाबांना हे सांगा: कर्ज नसताना हाच स्वॅप केला असता तर तो नक्कीच सट्टा ठरला असता. कर्ज आहे म्हणून तो तटबंदी आहे. पण कर्जाएवढाच असेल तरच.

आता 'दर वाढले की फायदा तुमचा' या वाक्याकडे येते. बँकेच्या डीलिंग रूममध्ये मी बरीच वर्षं काढली, आणि हे वाक्य तिथे कुणी आपसांत कधी बोलत नाही. तिथे विचारतात, 'कशापेक्षा वाढले?' तुमचा रेपो आज 5.25 आणि तुम्ही देणार 6.10. हा जो 0.85 चा चढ आहे त्यातला मोठा भाग म्हणजे बाजाराने आधीच गृहीत धरलेली वाढ. दर वाढतील हे फक्त तुम्हाला-मला वाटत नाही, स्वॅप विकणाऱ्यालाही वाटतं आणि त्याने ते किमतीत घातलेलं असतं. उद्या रेपो पाव टक्क्याने वाढला तर पेपरात 'व्याजदर वाढले' अशी बातमी येईल, आणि तुम्ही मात्र स्वॅपवर अजूनही अर्ध्या टक्क्याहून जास्त भरतच असाल. स्थिर देणाऱ्याला फायदा होतो तो दर 6.10 च्या वर गेले तर, आणि लवकर गेले तर.

'लवकर' हा शब्द तुमच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे, कारण तुमचं कर्ज दरवर्षी एक कोटीने उतरतंय. पहिल्या वर्षी पाच कोटी, मग चार, तीन, दोन, एक. समजा पाच वर्षांत मायबोर अनुक्रमे 5.30, 5.55, 6.10, 6.60 आणि 6.90 असा चढत गेला. दर 1.60 टक्क्यांनी वाढले, म्हणजे साहेबांच्या वाक्याप्रमाणे फायदा तुमचा व्हायला हवा. नोशनलही कर्जाबरोबर उतरवलंय असं धरू. पहिल्या वर्षी तुम्ही पाच कोटींवर 0.80 देता, चार लाख गेले. दुसऱ्या वर्षी चार कोटींवर 0.55, आणखी दोन लाख वीस हजार. तिसऱ्या वर्षी बरोबरी. चौथ्या वर्षी अर्धा टक्का तुमच्याकडे येतो, पण तो फक्त दोन कोटींवर, म्हणजे एक लाख. पाचव्या वर्षी 0.80 येतो, एका कोटीवर, ऐंशी हजार. सगळं मिळून तुमच्या खिशातून चार लाख चाळीस हजार गेले. दर वाढले ते तुमचं कर्ज जवळजवळ संपल्यावर. त्याच मार्गावर पाचही वर्षं पाच कोटी कायम असते तर सरासरी 6.09 येते, म्हणजे 6.10 देणाऱ्याची जवळजवळ बरोबरी.

याचा अर्थ, दरांचा असा मार्ग बाजाराला अपेक्षित असेल तर कायम नोशनलच्या स्वॅपचा रास्त भाव 6.10 च्या जवळ, पण उतरत्या नोशनलच्या स्वॅपचा रास्त भाव 5.80 च्या आसपास यायला हवा. माझा वरचा मार्ग मनाने धरलेला आहे, पण दिशा खरी आहे: बाजार दरवाढ धरून चाललेला असताना उतरत्या कर्जाचा स्थिर दर हा तेवढ्याच मुदतीच्या सरळ स्वॅपपेक्षा कमी असतो, कारण पैशांचं वजन सुरुवातीच्या स्वस्त वर्षांवर असतं.

तुमच्या कागदावर फेडीचं वेळापत्रकच नाही. मग दोनच शक्यता उरतात आणि दोन्ही वाईट. एक, स्वॅप खरोखर पाचही वर्षं पाच कोटींचा आहे. तसं असेल तर शेवटच्या वर्षी तुमचं कर्ज एक कोटीचं आणि स्वॅप पाच कोटींचा, उरलेल्या चार कोटींवर बाबा म्हणतात तो सट्टाच चाललेला असेल, तोही नकळत. दोन, स्वॅप उतरता आहे पण भाव सरळ स्वॅपचा लावलाय. यातला फरक विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

बँक तोट्यात जाणार का, हा तुमचा प्रश्न मला आवडला. नाही जाणार. तुमच्याकडून 6.10 स्थिर घेऊन बँक साधारण त्याच दिवशी बाजारात उलटा व्यवहार करते: दुसऱ्या कुणाला तेवढ्याच मुदतीसाठी, समजा 5.90, स्थिर देते आणि मायबोर घेते. मायबोर इकडून आला, तुमच्याकडे गेला. मधले 0.20 बँकेकडे राहिले, दर वाढोत की पडोत. पाच कोटींवर ते वर्षाला एक लाख होतात. त्याचं वेगळं बिल तुम्हाला कधी येणार नाही, ते 6.10 च्या आतच दडलेलं आहे. खरा समोरचा माणूस बाजारात कुठेतरी आहे, ज्याला दर पडतील असं वाटतं किंवा ज्याला बदलता दर देणं सोयीचं आहे. उदाहरणार्थ स्थिर व्याजाचे रोखे काढून पैसे उभारलेली आणि बदलत्या दराने कर्जं वाटणारी एखादी संस्था.

असा समोरचा माणूस दर वाढल्यावर किती पोळतो याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम या बरोचं. तिथल्या नगरपालिकेने 1980 च्या दशकात प्रचंड नोशनलचे स्वॅप केले होते, बहुतेक स्थिर घ्यायचं आणि बदलतं द्यायचं अशा बाजूने. मे 1988 मध्ये ब्रिटनचा बेस रेट, म्हणजे आपल्या रेपोसारखा तिथला दर, साडेसात होता, ऑक्टोबर 1989 मध्ये तो पंधरावर गेला. बदलतं देणाऱ्याचं देणं दुप्पट झालं. पालिकेला असे करार करायचा अधिकारच नव्हता म्हणून ते रद्दबातल, असा निकाल 1991 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने दिला. मग दर वाढल्याने ज्या बँकांना फायदा व्हायचा होता त्यांचाच फायदा हवेत विरला. तुमच्या बाबतीत समोर बँक असल्याने ही भीती फारशी नाही. बँकेला मात्र तुमची भीती असते, म्हणून ती या स्वॅपसाठी तुमच्या मंजूर मर्यादेतला काही हिस्सा अडवून ठेवू शकते. वर्किंग कॅपिटलला तो कमी पडणार नाही ना, हे आधीच विचारा. फाउंड्रीला भंगार आणि पिग आयर्न रोखीने घ्यावं लागतं, तिथे हे टोचतं.

आपल्याकडचं ताजं उदाहरणही आहेच. 4 मे 2022 ला, ठरलेल्या बैठकीची वाट न बघता, रिझर्व्ह बँकेने रेपो 4 वरून 4.40 केला आणि 8 फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 6.50 वर नेला. नऊ महिन्यांत अडीच टक्के. पाच कोटींच्या कर्जावर ही वर्षाला साडेबारा लाखांची वाढ. त्याआधी ज्यांनी स्थिर 'पे' करून ठेवलं होतं ते त्या वर्षी निवांत झोपले.

पण त्याच्याच मागची दोन वर्षं बघा, कारण तिथे तुमच्या स्वॅपमधली दुसरी फट दिसते. तुमचं कर्ज रेपोला बांधलंय आणि स्वॅप मायबोरला. हे दोन वेगळे दर आहेत. एरवी ते जवळजवळ चालतात, मघाच्या उदाहरणात मी 0.05 ते 0.10 चा फरक धरला तसे. पण मे 2020 नंतर बँकांकडे पैशांचा पूर आला होता. रेपो चारवर, आणि एका रात्रीच्या उसनवारीचा दर बराच काळ रिव्हर्स रेपोच्या, म्हणजे बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवलेल्या पैशांवर मिळणाऱ्या दराच्या, 3.35 च्या आसपास रेंगाळत होता. त्या काळात रेपोच्या कर्जावर व्याज भरणारा आणि स्वॅपवर मायबोर घेणारा माणूस वर्षाला 0.65 टक्का मधल्या मधे गमावत होता. पाच कोटींवर सव्वातीन लाख, आणि दर वाढले नाहीत की कमी झाले नाहीत. शिवाय रेपोचा बदल तुमच्या कर्जात रीसेटच्या तारखेला उतरतो, बहुधा तिमाहीने, तर मायबोर दुसऱ्या दिवशी हलतो. दर चढत असताना हा उशीर तुमच्या पथ्यावर पडतो, उतरत असताना अंगावर येतो. म्हणून 'नऊवर खिळा' हे शब्दशः घेऊ नका. 8.90 ते 9.75 च्या पट्ट्यात खिळा म्हणा.

आणि मोडायचं झालं तर? समजा वर्षभरात मोठी ऑर्डर आली, पैसा मोकळा झाला आणि तुम्ही उरलेले चार कोटी एकदम फेडले. कर्ज संपलं. स्वॅप संपत नाही, तो वेगळा करार आहे असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. तेव्हा दर पडलेले असतील आणि उरलेल्या काळासाठी बाजारात स्थिर दर 5.10 असेल, तर तुम्ही एक टक्का महाग बांधलेले आहात. उतरत्या नोशनलवर पुढच्या चार वर्षांचे चार, तीन, दोन आणि एक लाख, म्हणजे दहा लाख. ते आजच्या किमतीत आणले की नऊ लाखांच्या आसपास, एकरकमी, स्वॅप मोडायची किंमत म्हणून. कायम पाच कोटींचा स्वॅप असेल तर तोच आकडा साडेसतरा लाखांच्या वर जातो. दर चढलेले असतील तर हेच पैसे बँक तुम्हाला देईल, हेही खरं.

ही कल्पनेतली भीती नाही. ब्रिटनमधल्या हजारो छोट्या धंद्यांना, हॉटेलवाल्यांना, शेतकऱ्यांना बँकांनी कर्जाबरोबर असे स्वॅप विकले होते. जुलै 2007 मध्ये तिथला बेस रेट 5.75 होता, मार्च 2009 मध्ये अर्ध्या टक्क्यावर आला. सगळ्या देशाचं व्याज स्वस्त झालं आणि ही मंडळी दरमहा, दर तिमाहीला फरक भरत राहिली. बाहेर पडायला गेली तेव्हा मोडण्याची किंमत पहिल्यांदा कळली. 2012 मध्ये नियामकाने चौकशी लावली आणि बँकांना सुमारे 2.2 अब्ज पौंड परत करावे लागले. तक्रार स्वॅप वाईट अशी नव्हतीच. दर पडले तर काय होईल आणि मोडायला किती लागेल हे नीट सांगितलं नव्हतं, आणि काहींच्या बाबतीत स्वॅप कर्जापेक्षा मोठा किंवा लांब होता, अशी होती.

तेव्हा साहेबांना परत बोलवा आणि नवा कागद मागा. त्यावर प्रत्येक वर्षाचं नोशनल कर्जाच्या फेडीबरहुकूम छापलेलं हवं, त्या उतरत्या नोशनलचा भाव हवा, आणि शेजारी त्याच दिवशीचा बाजारातला मधला भाव हवा, म्हणजे बँकेचं मार्जिन उघड दिसेल. 'मायबोरऐवजी रेपोलाच बांधून द्याल का, आणि किती जास्त घ्याल?' हेही विचारा. बहुधा महाग सांगतील, पण आकडा कळू दे. दर एक आणि दोन टक्क्यांनी पडले तर वर्षभराने मोडायला किती लागेल हे लेखी घ्या. आणि ज्या बँकेने कर्ज दिलंय तिलाच 'स्थिर दराचं कर्ज किती टक्क्यांनी द्याल?' असं विचारून ठेवा. ते 9.25 च्या आत आलं तर या सगळ्या उठाठेवीची गरजच नाही. मात्र त्यातही मुदतपूर्व फेडीचा दंड वाचा.

तुमच्या जागी मी असते तर उतरत्या नोशनलचा भाव 5.85 च्या खाली आल्यावर निम्म्या कर्जाचा स्वॅप केला असता, निम्मं मोकळं ठेवलं असतं. एक टक्का दरवाढ म्हणजे तुम्हाला पहिल्या वर्षी पाच लाख. तेवढं फाउंड्रीला एका खराब तिमाहीतही सोसत असेल तर पूर्ण कर्ज बांधून वर मार्जिन देण्यात मला अर्थ दिसत नाही. सोसत नसेल, तर निम्मं नव्हे, पूर्ण बांधा, आणि चार लाख चाळीस हजार गेले तरी ते विम्याचा हप्ता म्हणून खर्ची टाका.

नवा कागद आला की मला पाठवा. नोशनलचा रकाना आधी बघेन, दर नंतर.